अर्ज तिचा, शब्दही तिचेच



आज आपण अर्जाबद्दल बोलणार आहोत. नवा अर्ज कसा लिहायचा याबद्दल नाही, तर कोणीतरी लिहून दिलेला अर्ज आपला स्वतःचा कसा करायचा याबद्दल. ही गोष्ट मी माझ्याच चुकीतून शिकले, म्हणून ती चूकच आधी सांगते.

आमच्या गटातल्या एक ताई ब्लाऊज शिवतात. त्यांना पिको-फॉलचं मशीन घ्यायला बँकेचं कर्ज हवं होतं. बँकेचा छापील फॉर्म वेगळा असतो, पण शाखेत साध्या कागदावरचा अर्जही मागितला होता. माझ्याकडे एक जुना नमुना होता. त्यावरून मी पाच मिनिटांत लिहून दिलं:

“उपरोक्त विषयान्वये विनंती अर्ज सादर करतो की, मी एक अत्यंत गरीब व होतकरू महिला असून माझी आर्थिक परिस्थिती हलाखीची आहे. मला स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका करावयाची असल्याने कर्जाची नितांत आवश्यकता आहे. तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून सदर कर्ज मंजूर करावे, ही नम्र विनंती.”

साहेबांनी वाचलं आणि विचारलं, “स्वयंरोजगार म्हणजे नक्की काय करणार?” ताई गप्प. धंदा त्यांना बोटांवर पाठ आहे, पण ‘स्वयंरोजगार’ हा शब्द त्यांचा नव्हता. वर ‘सादर करतो’ असं राहिलं होतं, कारण नमुना कुठल्यातरी पुरुषाच्या अर्जाचा होता. साहेबांनी अर्ज परत दिला.

घरी आल्यावर आम्ही तो पुन्हा लिहायला बसलो.

पहिलं काम केलं ते म्हणजे जुना कागद उलटा ठेवला. तो समोर असला की आपण त्याचेच शब्द इकडचे तिकडे करत बसतो. मग ताईंना म्हटलं, साहेब समोर बसलेत असं समजा आणि सांगा. मी चारच गोष्टी विचारल्या: आता काय करता? अडतं कुठे? पैसे किती आणि कशाला? फेडणार कशातून? त्या बोलत गेल्या आणि मी जसंच्या तसं वहीत उतरवलं. एक वाक्य असं होतं: “साड्या घिऊन आठवड्याला तालुक्याला जावं लागतं, आन् शंभरातले सत्तर तर त्योच दुकानवाला घेतो.” सगळा अर्ज या एका वाक्यात होता.

दुसरं काम जुन्या कागदाची झडती घेण्याचं. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे वाक्य शेजारणीच्या शेळीच्या कर्जाच्या अर्जात चाललं असतं का? ‘गरीब व होतकरू’ चाललं असतं, ‘हलाखीची परिस्थिती’ही चाललं असतं. जे कोणाच्याही अर्जात चालतं, त्यातून साहेबांना आपल्याबद्दल काहीच कळत नाही. अशा शब्दाच्या जागी तो खरा करून दाखवणारी गोष्ट लिहायची. ताई होतकरू आहेत हे कशावरून? सहा वर्षं शिवणकाम करतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद वहीत ठेवतात. मग तेवढंच लिहायचं, ‘होतकरू’ लिहायची गरज उरत नाही.

तिसरं काम बोलीला अर्जाच्या भाषेत आणण्याचं. इथे दोन्हीकडे घसरायची भीती असते. बोललेलं तसंच ठेवलं तर कचेरीत ते गबाळं वाटतं. फार सजवलं तर पुन्हा पहिल्यासारखं होतं. मी एवढंच करते: ‘आन्’चं ‘आणि’, ‘त्योच’चं ‘तोच’. बोलताना आपण ‘जावं लागतं, घ्यायचं आहे’ म्हणतो, ते लिहिताना ‘जावे लागते, घ्यायचे आहे’ होतं. वाक्य लांबलं तर त्याची दोन करायची. पण वस्तूंची आणि कामाची नावं बदलायची नाहीत. पिको-फॉलला पिको-फॉलच म्हणायचं, ‘वस्त्रसंस्करण’ नाही.

अर्जाची चौकट मात्र जुनीच ठेवायची. प्रति, विषय, महोदय, तारीख, सही हे सगळं जागच्या जागी. नाव आधार कार्डावर आहे तसंच. बदल फक्त मधल्या मजकुरात. तो असा झाला:

“महोदय,

मी गेली सहा वर्षे घरी ब्लाऊज शिवते. घरात कमावणारी मी एकटी आहे. गावातील बायका माझ्याकडे साड्या पिको-फॉलसाठीही देतात. महिन्याला साधारण ३० साड्या येतात, त्याची नोंद माझ्या वहीत आहे. माझ्याकडे पिकोचे मशीन नसल्यामुळे त्या घेऊन मला दर आठवड्याला तालुक्याला जावे लागते. एका साडीचे १०० रुपये मिळतात. त्यांपैकी ७० रुपये तेथील दुकानदाराला द्यावे लागतात व मला ३० रुपये उरतात.

स्वतःचे मशीन घेतल्यास फॉल व दोऱ्याचा खर्च सुमारे ३० रुपये येईल व मला ७० रुपये उरतील. म्हणजे महिन्याला सुमारे १,२०० रुपये जास्त मिळतील. मशीनची किंमत १८,००० रुपये आहे, दुकानाचे कोटेशन सोबत जोडले आहे. हे कर्ज मी दोन वर्षांत, या वाढीव पैशांतून दरमहा हप्ता भरून फेडीन.

तरी मला १८,००० रुपयांचे कर्ज मंजूर करावे, ही विनंती.

आपली विश्वासू,”

‘घरात कमावणारी मी एकटी आहे’ या वाक्यावर आमचं बरंच बोलणं झालं. ताईंनी घरचं खूप काही सांगितलं होतं. ते सगळं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला वाईट वाटलं असतं, पण हप्ता कसा भरणार याचं उत्तर मिळालं नसतं. आणि तो कागद शाखेत चार जणांच्या हाताखालून जातो. किती सांगायचं ते ताईंनी ठरवलं, मी नाही. त्यांनी हे एकच वाक्य ठेवलं.

शेवटचं काम वाचून दाखवण्याचं. मी वाचलं, ताईंनी ऐकलं. जिथे त्या अडल्या तिथे खूण केली. आधी मी ‘परतफेड करीन’ लिहिलं होतं, त्या म्हणाल्या, “आम्ही फेडीन म्हणतो.” तेच ठेवलं. मग प्रत्येक वाक्यावर त्यांना विचारलं, “कशावरून?” ज्याचं उत्तर आलं नाही ते वाक्य काढलं. मी आधी ‘दिवाळीत ६० साड्या येतात’ असं लिहिलं होतं. वही पाहिली तर ४१ भरल्या. ते वाक्य गेलं.

एक सावधगिरी सांगते. प्रतिज्ञापत्र, हमीपत्र किंवा छापील फॉर्मवरचा मजकूर असा बदलू नका. तिथे ठरलेलेच शब्द लागतात. तिथे अर्थ नीट समजून घ्यायचा आणि मगच सही करायची.

ताई पुन्हा बँकेत गेल्या. साहेबांनी विचारलं, “महिन्याला तीस साड्या कशावरून?” ताईंनी पिशवीतून वही काढली आणि पुढे ठेवली. पुढे मशीन आलं. त्यात वहीचा वाटा आहे आणि गटात वेळेवर भरलेल्या हप्त्यांचाही. अर्जाने एवढंच केलं, की साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या वेळी ताईंकडे होतं.

तुमच्या गटाच्या फाइलीत एखादा जुना नमुना असेल, तर पुढच्या बैठकीत तो काढा. शेजारणीचा प्रश्न त्याच्या एकेका वाक्याला लावा आणि किती वाक्यं उरतात ते मोजा.