चार वजनांत एक मण

मण म्हणजे चाळीस शेर. किलो येण्याआधी आपल्याकडे मोठा माल मणांत मोजला जाई, आणि शेराच्या खालची वजनं निम्म्यानिम्म्याने उतरत: अच्छेर, पावशेर, नवटाक. आता समजा, तराजू आहे, पण वजनं करवून घ्यायची आहेत आणि लोखंड घडवण्याचा खर्च कमीत कमी करायचा आहे. एक शेरापासून मणापर्यंत पूर्ण शेरांतला कोणताही माल तोलता यावा यासाठी निदान किती वजनं लागतील?

बहुतेकांच्या मनात आधी दुपटीची रांग येते: १, २, ४, ८, १६ आणि ३२. ती चालते, पण वजनं सहा लागतात. त्यांतली चारच घेतली तर पंधरा शेरांवर गाडी अडते. कारण उघड आहे. प्रत्येक वजन एकतर पारड्यात ठेवायचं किंवा खाली ठेवायचं, म्हणजे दोनच पर्याय. चार वजनांच्या अशा सोळा मांडण्या होतात आणि त्यांतली एक तर रिकाम्या पारड्याची.

पण तराजूला पारडी दोन असतात. मालाच्या पारड्यातही वजन ठेवायची मुभा दिली की प्रत्येक वजनाला तीन पर्याय मिळतात: समोरच्या पारड्यात, मालाच्या पारड्यात, किंवा खाली. चार वजनांच्या मांडण्या मग ३×३×३×३, म्हणजे ८१ होतात. त्यांतली एक रिकामी. उरलेल्या ऐंशी जोडीजोडीने येतात, कारण कुठल्याही मांडणीत पारड्यांची अदलाबदल केली की तिची उलटी मांडणी मिळते आणि तोललं जाणारं वजन तेच राहतं. तेव्हा चार वजनांनी चाळीसपेक्षा जास्त वेगवेगळे माल तोलताच येणार नाहीत. नवल हे की चाळीसच्या चाळीस तोलता येतात. वजनं हवीत १, ३, ९ आणि २७ शेरांची. हे उत्तर फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ‘लिबेर अबाची’त आहे. तरी कोडं ओळखलं जातं ते फ्रान्सच्या बाशे द मेझिरियाकच्या नावाने, कारण त्याने ते १६१२ साली आपल्या गणिती करमणुकीच्या पुस्तकात घेतलं.

या वजनांचं मर्म कळायला आकडे तिनाच्या पायावर लिहून पाहावेत. आपल्या नेहमीच्या लिखाणात उजवीकडून एकं, दहं, शतं अशी घरं असतात. इथे घरं आहेत एक, तीन, नऊ, सत्तावीस. घरात ०, १ किंवा २ यांपैकीच अंक येतो. ३४ घ्या: त्यात २७ एकदा, ९ एकदाही नाही, ३ दोनदा आणि १ एकदा. म्हणून ते झालं १०२१. अडचण त्या दोनाची आहे. तीन शेरांची दोन वजनं लागतील आणि आपल्याकडे एकच आहे.

उपाय असा: दोन म्हणजे तीन वजा एक. घरात दोन आला की तिथे उणे एक लिहायचा आणि डावीकडच्या घरात एक हातचा द्यायचा. उणे एकासाठी आपण ‘ऋ’ लिहू. १०२१ मधल्या दोनाचा ऋ झाला, नऊच्या घरातल्या शून्यात हातचा मिळून एक झाला, आणि ३४ झाले ११ऋ१. म्हणजेच २७ + ९ − ३ + १. जिथे १ आहे ते वजन समोरच्या पारड्यात, जिथे ऋ आहे ते मालासोबत. एका बाजूला ३४ आणि ३, दुसऱ्या बाजूला २७, ९ आणि १. दोन्हीकडे ३७.

कधी हातचा थेट वरच्या घरापर्यंत चढत जातो. १४ म्हणजे ११२. इथे प्रत्येक घरात पुन्हा दोन तयार होतो आणि शेवटी १ऋऋऋ उरतं: सत्तावीस एकीकडे, बाकी सगळी वजनं मालाशेजारी. हे हातचे टाळायचे असतील तर एक सोपी वाट आहे. आकड्यात आधी ४० मिळवा, तिनाच्या पायावर लिहा आणि प्रत्येक अंकातून एक वजा करा. चौदात चाळीस मिळवले की ५४, म्हणजे २०००. प्रत्येकातून एक काढला की तेच १ऋऋऋ. शून्यापासून ऐंशीपर्यंतचा प्रत्येक आकडा चार घरांत एकाच प्रकारे लिहिता येतो, त्यामुळे कुठल्याही मालाची मांडणीही एकच निघते.

पण थांबा. मालाचं वजन ठाऊक असतं तर तोलायचं कशाला? कोडं सांगणारे इथेच विषय सोडतात, आणि तराजूपाशी उभ्या माणसाचा प्रश्न मात्र इथे सुरू होतो. युक्ती अशी की कुठलंही वजन वापरायचं की नाही, हे त्याच्याहून लहान वजनं मिळून ठरवतात. ९, ३, १ यांची बेरीज १३. माल तेराहून जड निघाला तर सत्तावीस लागणारच, नाहीतर लागणार नाही.

आपला माल ३४ शेरांचा आहे, पण आपल्याला ते माहीत नाही असं धरू. तो तेराहून जड निघतो, म्हणून २७ समोर ठेवलं. आता नवाचा निकाल ३ आणि १ लावतील. ती सत्तावीससोबत ठेवली, ३१ झाले, तरी माल जडच. म्हणून ३ आणि १ उचलून ९ समोर ठेवलं, आता ३६. तिनाचा निकाल एक लावेल. एक समोर ठेवला तर माल हलका, एक मालासोबत ठेवला तरी माल हलकाच. म्हणजे ३ मालाच्या पारड्यात हवं. ते ठेवलं आणि एक बाजूला काढला, तर मालाची बाजू किंचित खाली जाते. एक समोर ठेवला की दांडी आडवी. दांडी आधीच कुठे आडवी झाली तर बेरीज-वजाबाकी करून मोकळं व्हावं. शेवटपर्यंत झालीच नाही, तर माल पूर्ण शेरांत नाही किंवा मणापेक्षा जास्त आहे.

मग बाजारात हा संच का नाही? गिऱ्हाइकाच्या मालाशेजारी स्वतःचं लोखंड ठेवणाऱ्या वाण्यावर कोण विश्वास ठेवील, हे एक झालं. खरी उणीव निराळी आहे. प्रत्येक बेरीज एकाच प्रकारे होते, त्यामुळे यातलं कोणतंही वजन बाकीच्यांनी पडताळता येत नाही. सत्तावीसचं वजन झिजलं तर चौदापासून चाळीसपर्यंतचे सगळे तोल तेवढ्याने चुकतील आणि संच चूक दाखवणार नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या वजनपेटीत ५, २, २, १ असा क्रम असतो. तिथे दोन आणि दोन समोरासमोर ठेवता येतात, आणि पाचासमोर दोन, दोन, एक. एक वजन जास्त घडवण्याचा खर्च तिथे वसूल होतो.

हीच तीन-पर्यायी अंकपद्धती १९५८ साली मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेन्त्सोव्ह यांच्या ‘सेतुन’ या संगणकात वापरली गेली. तिथे ऋण संख्येसाठी वेगळं चिन्ह लागत नसे. १ आणि ऋ यांची अदलाबदल केली की संख्येचा उलट मिळतो, जशी तराजूची पारडी बदलावीत.

माल पूर्ण शेरांतच आहे अशी खात्री असेल तर चार वजनांकडून याहूनही जास्त काम करून घेता येतं. सगळी वजनं दुप्पट करा: २, ६, १८, ५४. यांनी ऐंशीपर्यंतचा प्रत्येक सम आकडा तोलला जातो. विषम माल असेल तर दांडी आडवी होणारच नाही, पण माल सहापेक्षा जड आणि आठपेक्षा हलका दिसला की तो सातच. मात्र याच संचाने कुणी सात शेर साखर तोलून मागितली, तर ती देता येणार नाही.