आधी माणसाची क्षमा

ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची दहावी तारीख म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतो. आदल्या दिवशी सूर्य मावळण्याआधी सुरू होणारा हा उपवास दुसऱ्या रात्री चांदण्या दिसल्यावरच सुटतो. सुमारे 25 तास अन्न नाही, पाणीही नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल त्याला ‘दारफळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून ते घरातच उपवास करत.

एवढं कडक व्रत पाळलं की वर्षभराची पापं धुतली गेली, असं कुणालाही वाटेल. ज्यू धर्मशास्त्र मात्र इथे ठाम नकार देतं. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथानं पापांची दोन खाती केली आहेत. शब्बाथ मोडला, प्रार्थना चुकवली, हे माणूस आणि देव यांच्यातलं. पश्चात्तापानं योम किप्पूरला ते फिटतं. पण शेजाऱ्याला लुबाडलं, चारचौघांत कुणाचा पाणउतारा केला, तर त्या माणसाची समजूत घालेपर्यंत योम किप्पूरचा काही उपयोग नाही. मला या विचारातली न्यायबुद्धी फार मोलाची वाटते. ज्याचं नुकसान झालं, त्याच्या वतीनं परस्पर माफी देऊन टाकायला देवही तयार नाही.

म्हणून खरी धावपळ सणाच्या आधीच्या दिवसांत असते. समजा, एका दुकानदारानं कारागिराची मजुरी बुडवली आणि वर चारचौघांत त्यालाच चोर ठरवलं. बाराव्या शतकातले धर्मशास्त्री मैमोनिडीस यांनी याची रीत सविस्तर लिहून ठेवली आहे. आधी पैसे चुकते करायचे. पण तेवढ्यानं भागत नाही, कारण पैसे परत मिळाले तरी दुखावलेलं मन तसंच राहतं. म्हणून स्वतः जाऊन क्षमा मागायची. त्यानं नाही म्हटलं तर त्याच्या ओळखीतले तिघं जण सोबत न्यायचे. तरीही नाही, तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्यानंतर मात्र दुकानदार सुटला आणि दोष क्षमा न करणाऱ्याकडे गेला. मनापासून मागितलेली क्षमा अडवून धरणं हा शास्त्रानं क्रूरपणाच मानला आहे. दुखावलेला माणूस जर आपला गुरू असेल तर तीनची मर्यादा नाही. हजारदा जावं लागलं तरी जायचं.

आणि तो कारागीर मधल्या काळात वारला असेल तर? मग दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि त्यांच्यासमोर, देवाचा आणि या माणसाचा मी अपराधी आहे, असं कबूल करून अपराध काय ते सांगायचं. बुडवलेले पैसे त्याच्या वारसांना द्यायचे.

समोरचा आलाच नाही तर काय, याचाही विचार झाला आहे. तालमुदात रब्बी झेरांबद्दल सांगितलं आहे, की ज्यानं त्यांना दुखावलं असेल त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ते मुद्दाम फेऱ्या मारत, म्हणजे त्याला बोलायला संधी मिळावी. तिसऱ्या शतकातले बॅबिलोनियाचे थोर गुरू राव यांचं एका खाटकाशी बिनसलं होतं. चूक खाटकाची. योम किप्पूरच्या आदल्या दिवशीही तो येईना, तेव्हा राव स्वतःच त्याच्याकडे निघाले. वाटेत शिष्य हुना भेटला. बेत ऐकून तो मनाशी म्हणाला, गुरुजी एका माणसाचा जीव घ्यायला निघालेत. खाटीक जनावराचं डोकं फोडत बसला होता. त्यानं मान वर करून पाहिलं आणि रावांना हाकलून दिलं. पुढचा घाव घातला तसं एक हाड उडालं, त्याच्या गळ्यावर बसलं आणि तो गेला.

ही कथा खाटकाच्या शिक्षेची म्हणून सांगतात. मला हुनाचे शब्द जास्त विचारात पाडतात. रावांसारखा मोठा माणूस दारात उभा राहिला की क्षमा मागण्याचं दडपण येतं, आणि नकाराची किंमत भलतीच वाढते. झेरा नुसतेच वाटेवर फिरत राहिले. बोलायचं की नाही हे त्यांनी समोरच्यावर सोडलं. चांगल्या हेतूनं पुढे होतानाही किती जपावं लागतं, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं.

संध्याकाळी सिनेगॉगमध्ये ‘कोल निद्रे’ सुरू होण्यापूर्वी अनेक जण एक खासगी प्रार्थना म्हणतात. ज्यांनी मला दुखावलं त्या सर्वांना मी क्षमा करतो, असा तिचा आशय. त्यातून दोन गोष्टी मात्र वगळल्या आहेत: कायद्यानं वसूल करता येईल असं येणं, आणि ‘हा काय, माफ करेलच’ अशा हिशेबानं ज्यानं आपलं वाईट केलं तो माणूस.