चित्रबद्ध मजकुराचे भाषांतर : एका स्तंभालेखाचे उदाहरण

न्या. राजिंदर सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात 2001 च्या जनगणनेच्या आधारे देशाची साक्षरता 65.1 टक्के व मुस्लिम समाजाची 59.1 टक्के अशी नोंद आहे. समजा, या आकड्यांचा एक स्तंभालेख मराठी भाषांतरासाठी केवळ चित्राच्या स्वरूपात मिळाला. स्तंभांवर आकडे छापलेले नाहीत, डाव्या अक्षावर फक्त 0 ते 100 अशा खुणा आहेत. अशा वेळी भाषांतरकाराने काय करावे?

सर्वप्रथम मूळ तक्त्याची फाईल मागावी. ती न मिळाल्यास चित्रातील प्रत्येक शब्दाला क्रमांक द्यावा, म्हणजे शीर्षक, अक्षांची नावे, रंगसूची व तळटीप यांपैकी काहीही सुटणार नाही. संगणकाच्या शब्दमोजणीत चित्रातील मजकूर धरला जात नाही, त्यामुळे कामाचा अंदाज नेहमीच कमी येतो. हे क्रमांक एका कोष्टकात मांडून शेजारी मूळ मजकूर व भाषांतर लिहावे. ‘एसआरसी’सारखे संक्षेप चित्रात उलगडलेले नसतात. त्यांचा अर्थ अहवालाच्या मुख्य मजकुरात शोधावा लागतो; येथे तो ‘सामाजिक-धार्मिक समूह’ असा आहे.

खरी अडचण आकड्यांची असते. चित्र संगणकावर उघडून वरून खाली पिक्सेल मोजता येतात. समजा, 100 ची खूण 100 व्या, शून्याची 400 व्या आणि मुस्लिम समाजाच्या स्तंभाचा माथा 223 व्या पिक्सेलवर आहे. शून्यापासून शंभरापर्यंतचे अंतर 300 पिक्सेल व स्तंभाची उंची 177 पिक्सेल झाली. म्हणजे प्रमाण 59 टक्के. परंतु येथे एक पिक्सेल म्हणजे टक्क्याचा तिसरा भाग होय. म्हणून 59.1 मधील दशांश या चित्रातून कधीच मिळणार नाही. तो मुख्य मजकुरातूनच घ्यावा. मजकुरात आकडा नसेल तर मराठी आलेखातील स्तंभावर आकडा छापू नये, किंवा तो ‘सुमारे’ म्हणून द्यावा. चित्रावरून मोजलेला आकडा दशांशासह छापला गेला की पुढील लेखक त्यास समितीचा आकडा समजून उद्धृत करतात, आणि मग तो निस्तरणे कठीण जाते.

मोजणीचा खरा उपयोग पडताळणीसाठी आहे. स्तंभ 59 दाखवीत असून मजकुरात 69 आढळल्यास दोहोंपैकी एक चूक आहे. तेव्हा स्वतः दुरुस्ती न करता प्रकाशकास कळवावे.

मूळ चित्रावर पांढरी पट्टी टाकून वर मराठी अक्षरे बसविण्याची प्रथा सोयीची, पण घातक आहे. पट्टीखाली अक्षाची खूण किंवा स्तंभाचा माथा झाकला जातो. शिवाय देवनागरीत वेलांट्या व उकार यांना वर-खाली जागा लागते. इंग्रजीच्या मापाने बसविलेली बारीक अक्षरे छपाईत वाचता येत नाहीत. त्यापेक्षा आलेख नव्याने काढावा व मूळ चित्रावर ठेवून स्तंभांची उंची जुळते का हे पाहावे.