दुसऱ्या वर्गणीची वाट

मासिक वर्गणीवर चालणाऱ्या व्यवसायात सभासदाची नोंद झाली की विक्री पूर्ण झाली, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः पहिली वर्गणी उत्साहाच्या भरात भरली जाते. सेवा उपयोगी पडली की नाही, याचा निवाडा दुसऱ्या वर्गणीच्या वेळी होतो. म्हणूनच पहिल्या तीस दिवसांत सभासदाचे काय होते, हे व्यावसायिकाने जाणून घेतले पाहिजे.

सन २००६ मध्ये डेलाव्हिग्ना व माल्मेंडिअर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन व्यायामकेंद्रांच्या सात हजारांहून अधिक सभासदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मासिक वर्गणीदाराची शेवटची भेट आणि त्याने सभासदत्व रद्द करणे यांत सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ जात असल्याचे त्यात दिसून आले. म्हणजे सभासद मनाने आधी जातो, कागदावरून नंतर. मधल्या काळात वर्गणी मिळत राहते आणि चालक निश्चिंत असतो.

आपल्याकडे मात्र या निश्चिंतीवर विसंबता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप वर्गणी वळती करण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी खातेदाराला सूचना द्यावी लागते व ती वसुली नाकारण्याची सोयही द्यावी लागते. यूपीआयच्या ऑटोपे सुविधेतही पूर्वसूचना मिळते. भ्रमणध्वनीवर तो संदेश उमटला की सभासद स्वतःला विचारतो, 'मी या महिन्यात किती वेळा गेलो?'

लखनौच्या गोमतीनगर परिसरातील एखादी व्यायामशाळा उदाहरणादाखल कल्पू या. ५ जानेवारीला चाळीस नवे सभासद आले. वर्गणी दरमहा १,२०० रुपये. पुढील वसुली ५ फेब्रुवारीला, म्हणजे पूर्वसूचना उशिरात उशिरा ४ तारखेला जाणार. चालकाच्या हाती तेवढाच अवधी आहे.

पहिला धोका पहिल्याच दिवशी असतो. नवागतावर छाप पाडण्यासाठी प्रशिक्षक त्याच्याकडून भरपूर व्यायाम करून घेतो. सवय नसलेल्या स्नायूंची वेदना साधारणतः एक ते तीन दिवसांनी सर्वाधिक जाणवते. सभासद तिला इजा समजतो आणि येईनासा होतो. यास्तव पहिला व्यायाम हलका असावा, वेदनेची पूर्वकल्पना द्यावी आणि दुसऱ्या भेटीचा दिवस व वेळ तेथेच नोंदवून घ्यावी. जानेवारीत लखनौला पहाटे दाट धुके असते. त्या दिवसांत पहाटेची वेळ ठरवणे म्हणजे गैरहजेरीला आमंत्रण होय. सायंकाळची वेळ सुचवणे श्रेयस्कर.

दुसरा टप्पा दहाव्या दिवसाचा. हजेरीपट पाहून सभासदांचे तीन गट करावेत. समजा, बावीस जण चार वा अधिक वेळा आले, बारा जण दोन-तीनदा आले आणि सहा जण पहिल्या दिवसानंतर फिरकलेच नाहीत. सर्वांना एकच शुभेच्छासंदेश धाडणे व्यर्थ होय. उरलेल्या अठरा जणांना प्रशिक्षकाने स्वतः दूरध्वनी करून अडचण विचारावी: वेळ गैरसोयीची आहे, यंत्रे समजत नाहीत की अंग दुखते? प्रत्येक कारणाचा उपाय निराळा आहे.

उद्दिष्ट किती भेटींचे ठेवावे? चार्नेस व ग्नीझी यांच्या २००९ मधील प्रयोगात, चार आठवड्यांत आठ वेळा व्यायामशाळेत जाण्यासाठी पैसे मिळालेले विद्यार्थी पैसे बंद झाल्यावरही अधिक येत राहिले. हा परिणाम मुख्यतः पूर्वी नियमित नसलेल्यांवर दिसला. आठवड्यातून दोन भेटी हे उद्दिष्ट नवागताला झेपणारेही आहे.

संगणकीय सेवेतही हेच सूत्र लागू पडते. तेथे हजेरीऐवजी पहिले खरे काम मोजावे. हिशेबाची प्रणाली घेतलेल्या दुकानदाराने पहिल्या आठवड्यात स्वतःच्या ग्राहकाचे खरे बिल काढले काय, हे पाहावे. केवळ नमुन्याची बिले काढून पाहिली असतील, तर सवय लागलेली नाही.

महिनाअखेरीस मोजमाप करताना एक दक्षता आवश्यक आहे. खात्यात शिल्लक नसल्याने अडलेली वसुली आणि सभासदाने स्वतः रद्द केलेली अनुमती यांची नोंद वेगळी ठेवावी. पहिल्या प्रकारात बहुधा एक नम्र आठवण पुरते. दुसऱ्यात सेवा कोठे उणी पडली ते शोधावे लागते. तसेच एकूण सभासदसंख्येकडे न पाहता जानेवारीत आलेल्या चाळिसांपैकी किती जणांची दुसरी वर्गणी जमा झाली, हे फेब्रुवारीच्या तुकडीशी ताडून पाहावे. नव्या नोंदणीमुळे एकूण आकडा वाढताना दिसतो आणि मागच्या दाराने होणारी गळती झाकली जाते; तुकडीनिहाय हिशेबात ती स्पष्ट दिसते.