चोवीस आऱ्यांचे रेखन

संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी दिल्लीत राष्ट्रध्वज स्वीकारला. पुढे त्याची प्रमाणित मापे ठरविण्यात आली. त्यांनुसार टेबलावरील १५० × १०० मिलिमीटरच्या ध्वजात चक्राचा व्यास २५ मिलिमीटर असतो, तर ६३०० × ४२०० मिलिमीटरच्या सर्वांत मोठ्या ध्वजात तो १२९५ मिलिमीटर असतो. म्हणजे एकच आकृती सुमारे ५२ पट वाढवावयाची आहे.

समजा, हाती फक्त टेबलावरील ध्वजाचे चक्र आहे. इंचाला ६०० ठिपके या घनतेने ते स्कॅन केले, तर व्यासावर सुमारे ५९० पिक्सेल येतात. हे चित्र तसेच ५२ पट ताणल्यास एकेक पिक्सेल दोन मिलिमीटरांहून मोठा चौकोन होतो व आऱ्यांच्या कडा करवतीसारख्या दिसू लागतात. व्हेक्टर आकृतीत ठिपके नसतात. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषांची गणिती वर्णने असतात. ती कोणत्याही मापाला पुन्हा काढली जातात, म्हणून कड स्वच्छ राहते.

इंकस्केपसारख्या साधनात हे रूपांतर आपोआप करण्याची सोय आहे. साधन प्रथम प्रत्येक करडा पिक्सेल काळा की पांढरा हे ठरविते आणि मग काळ्या भागाची सीमा गिरविते. खरी अडचण येथेच उद्भवते. उंबरठा किंचित वर-खाली झाला की आऱ्याची जाडी बदलते, निमुळते टोक बोथट होते, आणि शाई पसरलेली असल्यास तो फुगवटाही आकृतीचाच भाग म्हणून गिरविला जातो. साधनाला चक्र दिसत नाही, केवळ डाग दिसतो. दोष ओळखण्याची कसोटी सोपी आहे. आकृतीची एक प्रत १५ अंशांनी फिरवून मूळावर ठेवावी. चोवीस आरे समान असतील तर दोन्ही तंतोतंत जुळतील. गिरविलेल्या चक्रात त्या सहसा जुळत नाहीत.

म्हणून येथे गिरविण्यापेक्षा रचणे श्रेयस्कर. स्कॅन केलेले चित्र फिकट करून खालच्या थरात ठेवावे आणि त्यावर परिघाची व तुंब्याची वर्तुळे काढावीत. वर्तुळाला चार बिंदू पुरतात. यंत्राने गिरविलेल्या वर्तुळात ते याहून कितीतरी अधिक निघू शकतात. मग मध्यावर रुंद व टोकाला निमुळता असा एकच आरा काळजीपूर्वक काढावा आणि केंद्राभोवती १५ अंशांच्या अंतराने त्याच्या तेवीस प्रती फिरवाव्यात. दोन आऱ्यांमधील परिघालगतचे छोटे ठिपकेही याच रीतीने बसवावेत.

राजमुद्रेतील सिंहाच्या आयाळीला मात्र अशी भूमिती नाही. तेथे मोठ्या, स्वच्छ मूळ चित्रावरून गिरविणे व नंतर अनावश्यक बिंदू हाताने काढून टाकणे एवढाच मार्ग उरतो.

प्रमाणित मापांतील आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. मोठ्या ध्वजात चक्राचा व्यास ध्वजाच्या उंचीच्या सुमारे ३१ टक्के आहे, तर सर्वांत लहान ध्वजात तो २५ टक्केच आहे. आकृती कोणत्याही मापाला वाढविता येते हे खरे. परंतु ती ध्वजावर केवढी असावी, हे प्रत्येक मापाच्या तक्त्यातूनच घ्यावे लागते.