भाड्याचा गाळा ताळेबंदात कसा आला?

कपड्यांची, चपलांची किंवा औषधांची दुकाने चालवणाऱ्या एखाद्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला, तर ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला ‘राइट ऑफ यूज अ‍ॅसेट’ अशी एक ओळ दिसते. म्हणजे वापराचा हक्क. देण्यांच्या बाजूला तितकीच ठळक दुसरी ओळ असते, ‘लीज लायबिलिटी’. त्या कंपनीची बहुतेक दुकाने भाड्याच्या जागेत आहेत, हे आपल्याला ठाऊक असते. मग जी जागा तिच्या मालकीची नाही, ती तिच्या मालमत्तेत कशी? आणि ज्या भाड्याची तारीखच अजून आलेली नाही, ते आजचे कर्ज कसे?

भारतात हे १ एप्रिल २०१९ पासून घडले. त्या दिवशी ‘इंड एएस ११६’ हे हिशेबाचे मानक लागू झाले. त्याचा मूळ आंतरराष्ट्रीय अवतार ‘आयएफआरएस १६’ जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याआधी भाडेकरारांचे दोन वर्ग होते. ज्या करारात वस्तूचे जवळजवळ सगळे धोके आणि फायदे भाडेकरूकडे जात, तो ‘फायनान्स लीज’. तो कर्जासारखा ताळेबंदात येई. बाकीचे सगळे ‘ऑपरेटिंग लीज’. त्यांचे भाडे वर्षाचा खर्च म्हणून नफा-तोटा पत्रकात पडे आणि ताळेबंदाला त्याचा स्पर्शही होत नसे. साहजिकच कंपन्या आपले करार दुसऱ्या वर्गात बसतील असेच लिहून घेत. आंतरराष्ट्रीय मानक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी म्हणत, की विमान कंपनीच्या ताळेबंदात प्रत्यक्ष दिसणाऱ्या विमानातून एकदा तरी प्रवास करण्याची त्यांची इच्छा आहे. नव्या मानकाच्या वेळी याच मंडळाने अंदाज बांधला, की जगभरच्या नोंदणीकृत कंपन्यांची भाडेकरारांची बांधिलकी सुमारे ३.३ लाख कोटी डॉलर आहे आणि तिच्यातला ८५ टक्क्यांहून अधिक भाग ताळेबंदाबाहेर आहे.

पुढच्या वर्षांचे भाडे आज देणे का मानायचे, याचे उत्तर किल्लीत आहे. नोकराला पुढच्या वर्षी पगार द्यायचा असतो, पण तो आज कंपनीचे देणे नसतो, कारण त्याने अजून काम केलेले नाही. विजेचेही तसेच. वीज रोज येते आणि त्या त्या दिवसाचे बिल तयार होते. गाळ्याचे मात्र वेगळे आहे. मालकाने पाच वर्षांसाठी किल्ली हातात दिली, की त्याच्या बाजूचे काम त्याच क्षणी पुरे झाले. त्या पाच वर्षांत तो गाळा परत मागू शकत नाही, तिसऱ्याला देऊ शकत नाही. आत काय विकायचे आणि जागा कशी वापरायची, हे भाडेकरू ठरवतो. म्हणजे भाडेकरूला जे मिळायचे ते मिळालेले आहे, उरले आहे ते फक्त पैसे देणे. वस्तू आधी ताब्यात आणि पैसे हप्त्याने, अशा व्यवहाराला आपण एरवी उधारी म्हणतो. मालमत्तेच्या बाजूला गाळा येतच नाही. तो मालकाच्याच वहीत राहतो. भाडेकरूच्या वहीत येतो तो गाळा पाच वर्षे वापरण्याचा हक्क.

आता आकडे पाहू. समजा, एका कंपनीने पुण्यात दुकानासाठी गाळा घेतला. मुदत पक्की पाच वर्षांची, मध्येच सोडता येणार नाही. भाडे वर्षाला १२ लाख रुपये. हिशेब सोपा राहावा म्हणून भाडे वर्षअखेरीला एकदाच देतात असे धरू. एकूण ६० लाख द्यायचे आहेत, पण देणे ६० लाखांचे नोंदवत नाहीत, कारण पाच वर्षांनी द्यायचे १२ लाख आणि आजचे १२ लाख सारखे नव्हेत. बँकेने या कंपनीला एवढ्याच मुदतीचे, तेवढ्याच तारणावरचे कर्ज ज्या दराने दिले असते, तो दर घ्यायचा. तो १० टक्के धरू. मग पहिल्या वर्षअखेरच्या १२ लाखांचे आजचे मूल्य १०.९१ लाख होते आणि पाचव्या वर्षाच्या १२ लाखांचे ७.४५ लाख. पाचही हप्त्यांची आजची किंमत मिळवली की ४५.४९ लाख येतात. पहिल्याच दिवशी देण्याच्या बाजूला ४५.४९ लाख लिहितात आणि मालमत्तेच्या बाजूलाही तेवढेच. दलाली किंवा करारासाठी झालेला थेट खर्च असेल, तर तो मालमत्तेत मिळवतात.

इथून दोन्ही बाजू आपापल्या वाटेने उतरतात. हक्कावर दरवर्षी समान घसारा, ४५.४९ भागिले ५, म्हणजे ९.१० लाख. देण्यावर व्याज चढते आणि भाडे दिले की ते कमी होते. पहिल्या वर्षी १० टक्क्यांनी ४.५५ लाख व्याज, मग १२ लाख दिले, उरले ३८.०४ लाख. मालमत्ता मात्र तेव्हा ३६.३९ लाखांवर आलेली असते. सुरुवातीला जुळे असलेले आकडे वर्षभरात वेगळे होतात. अहवाल वाचताना मालमत्तेपेक्षा देणे थोडे जास्त दिसले, तर दचकू नये, त्यात बहुधा काही गडबड नसते.

नफ्यावरचा परिणाम अधिक लक्षात घेण्याजोगा आहे. जुन्या पद्धतीत दरवर्षी सरळ १२ लाख खर्च पडला असता. आता पहिल्या वर्षी घसारा आणि व्याज मिळून १३.६५ लाख पडतात, तिसऱ्या वर्षी १२.०८ लाख आणि पाचव्या वर्षी १०.१९ लाख. पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडे ६० लाखच. एका रुपयाचाही फरक नाही, फक्त ओझे आधीच्या वर्षांकडे झुकते. म्हणून भराभर नवी दुकाने उघडणाऱ्या कंपनीचा नफा नव्या पद्धतीत दबलेला दिसतो आणि जिची दुकाने जुनी झाली आहेत, तिचा किंचित खुललेला.

दुसरा फरक गुंतवणूकदाराला चकवतो. शेअर बाजारात ‘एबिटा’ या आकड्याला फार मान आहे. एबिटा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा. भाडे होते तोवर ते एबिटाच्या आधीच वजा होई. आता भाड्याची जागा व्याजाने आणि घसाऱ्याने घेतली आणि ते दोन्ही एबिटाच्या खाली जातात. आपल्या गाळ्यापुरता एबिटा एका रात्रीत १२ लाखांनी वाढला, पण खिशातून जाणारा पैसा तोच. रोख प्रवाहाच्या पत्रकातही हे पैसे धंद्याच्या खर्चातून उठून कर्जफेडीच्या भागात गेले. त्यामुळे मार्च २०१९ पूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून ‘धंदा सुधारला’ म्हणणे चुकीचे आहे. कित्येक कंपन्या निकालांसोबत जुन्या पद्धतीचा एबिटाही देतात. दुकानदारीच्या कंपन्यांबाबत मी तोच आधी पाहतो.

इथवरचे काम गणिताचे होते. खरा कस लागतो मुदत ठरवताना. वर पाच वर्षे पक्की धरली, पण प्रत्यक्षात व्यापारी गाळ्यांचे करार असे असतात: नऊ वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करार, तीन वर्षे लॉक-इन आणि त्यानंतर भाडेकरूने काही महिन्यांची नोटीस देऊन कधीही निघावे. मालक मात्र नऊ वर्षे बांधलेला. मग मुदत तीन की नऊ? त्याच १२ लाख भाड्यावर आणि १० टक्के दरावर तीन वर्षे धरली तर देणे २९.८४ लाख, नऊ धरली तर ६९.११ लाख. गाळा तोच, करार तोच, कर्ज मात्र दुपटीहून अधिक.

मानक सांगते, की सोडण्याचा हक्क भाडेकरू वापरणार नाही हे वाजवी खात्रीने म्हणता येत असेल, तर ती वर्षेही मुदतीत धरा. ही खात्री कशावरून पटते? दुकानात किती पैसा घातला आहे, जागा मोक्याची आहे का, हलवायचे तर किती खर्च येईल, यांवरून. समजा, कंपनीने गाळ्यात फरशी, दिवे, वातानुकूलन आणि फर्निचर यांवर मोठा खर्च केला आणि तो हिशेबात नऊ वर्षांत विभागला. पण भाडेकराराची मुदत तीनच वर्षे लिहिली. या दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत. तीन वर्षांनी जायचे असेल तर सजावट नऊ वर्षे कशी वापरणार? मानकांचा अर्थ लावणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नोव्हेंबर २०१९ मध्ये नेमका हा मुद्दा हाताळला आणि करार सोडताना होणारे केवळ दंडाचे नव्हे, तर असे सर्व आर्थिक नुकसान ध्यानात घ्यायला सांगितले. अहवालातली घसाऱ्याची टीप आणि भाडेकराराची टीप शेजारी ठेवली, की ही विसंगती सामान्य वाचकालाही सापडू शकते.

दरातही असाच वाव असतो, पण लहान. आपल्या पाच वर्षांच्या गाळ्याला ८ टक्के दर लावला तर देणे ४७.९१ लाख, १२ टक्के लावला तर ४३.२६ लाख. मुदतीपुढे हा फरक किरकोळ आहे.

काही भाडी या जाळ्यातून सुटतात. बारा महिन्यांपर्यंतचे करार आणि लॅपटॉपसारख्या कमी किमतीच्या वस्तू यांचे भाडे पूर्वीसारखे खर्चात टाकण्याची मुभा आहे. मोठी सूट वेगळीच आहे. मॉलमध्ये अनेकदा भाडे विक्रीच्या टक्क्यांत ठरते. असे विक्रीवर अवलंबून असलेले भाडे देण्यात धरत नाहीत, फक्त किमान हमी रक्कम धरतात. दरवर्षी पाच टक्के वाढ अशी ठरीव वाढ मात्र धरावीच लागते. म्हणून सारख्याच आकाराच्या दोन कंपन्यांपैकी एकीचे कर्ज हलके दिसले, तर तिची दुकाने टक्केवारीच्या भाड्याची आहेत का, हे तपासावे.

विमान कंपन्यांना आणखी एक झळ बसते. इंडिगोसारख्या कंपनीच्या विमानांचे भाडे डॉलरमध्ये असते. देणे दर तिमाहीला त्या दिवसाच्या डॉलरच्या भावाने पुन्हा मोजावे लागते, पण वापराचा हक्क पहिल्या दिवशीच्या रुपयांतच राहतो. रुपया घसरला, की एकही जादा डॉलर न देता नफा-तोटा पत्रकात चलनतोटा उतरतो. पूर्वी हा तोटा भाडे देताना थोडाथोडा जाणवे. आता पुढच्या सगळ्या वर्षांचा एकदम दिसतो. या कंपन्यांचे तिमाही निकाल एवढे वरखाली का होतात, त्याचे एक कारण हे आहे.

घर भाड्याने घेणाऱ्या कुटुंबाला यातले काही लागू नाही. नाक्यावरच्या दुकानदारालाही नाही. हे मानक मुख्यत्वे शेअर बाजारात नोंदलेल्या आणि २५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक नक्त मूल्याच्या कंपन्यांसाठी आहे. बाकीच्या कंपन्या जुन्या ‘एएस १९’ नुसारच चालतात आणि त्यांची साधी भाडी अजूनही ताळेबंदाबाहेर आहेत.

तुमच्याकडे अशा कंपनीचे शेअर असतील, तर तिच्या अहवालातली भाडेकरारांची टीप काढा. कराराची मुदत कोणत्या आधारावर ठरवली आणि वर्षभरात भाड्यापोटी प्रत्यक्षात किती रोख गेली, हे त्यात शोधा. मुदतीचे कारण मोघम वाटले, तर वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून विचारा. भागधारक म्हणून तो तुमचा हक्क आहे.