चौथी बाजू पाण्याची

मागच्या लेखात कबूल केल्याप्रमाणे या वेळी तीन संख्यांकडे वळायचं होतं आणि झाकण नसलेली पत्र्याची टाकी बनवायची होती. ती टाकी आणखी एक आठवडा थांबेल. पैठण तालुक्यातून, नाथसागराच्या काठच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो बाजूला ठेवण्यासारखा नाही.

प्रश्न असा. बॅकवॉटरला लागून त्यांचं रान आहे. रात्री रानडुकरं शिरतात म्हणून मोसंबीच्या रोपांभोवती जाळी मारायची आहे. जाळी आहे ५२८ फूट. ‘बेरीज ठरलेली असली की गुणाकार सर्वांत मोठा कधी, तर दोन्ही संख्या सारख्या असताना; म्हणून ठरावीक कुंपणात चौरस मोठा,’ हे त्यांना पटलेलं आहे. पण त्यांना जाळी लावायची आहे तीनच बाजूंना, कारण चौथ्या बाजूला पाणी आहे. मग तिन्ही बाजू सारख्या धरून चौरसच करायचा का?

आधी पाणी विसरून चारही बाजूंना जाळी मारू. लांबी आणि रुंदी मिळून २६४ फूट, म्हणून त्यांचा अंकगणिती मध्य १३२. भूमिती मध्य त्याच्यापुढे जाऊ शकत नाही ही आपली असमानता, म्हणजे क्षेत्रफळ १३२ च्या वर्गापुढे, १७४२४ चौरस फुटांपुढे जाऊ शकत नाही. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फुटांचा चौरस, १०८९ चौरस फूट. त्या हिशेबाने हे झाले बरोबर १६ गुंठे.

आता पाण्याची बाजू मोकळी सोडू. पाण्याकडे जाणाऱ्या दोन बाजू, त्यांना रुंदी म्हणू. पाण्याला समांतर एक बाजू, ती लांबी. तिन्ही सारख्या केल्या तर प्रत्येकी १७६ फूट आणि क्षेत्रफळ ३०९७६ चौरस फूट, म्हणजे साडेअठ्ठावीस गुंठ्यांना किंचित कमी. सोळावरून इथवर आलो म्हणजे फायदा दिसतोच, आणि म्हणूनच बरेच जण इथे थांबतात. पण हा चौरस सर्वांत मोठा नाही.

गडबड कुठे होते ते नीट पाहू. आपली असमानता बेरीज ठरलेली असतानाच कामाची. इथे लांबी अधिक रुंदी ही बेरीज ठरलेली नाही. ठरलेली आहे ती लांबी अधिक दोनदा रुंदी. लांबी आणि रुंदी या दोन संख्यांना असमानता लावली तर विधान खोटं ठरत नाही, पण उजव्या बाजूला अज्ञात संख्या शिल्लक राहते, आणि जी मर्यादा स्वतःच हलते तिच्यावरून कमाल सांगता येत नाही. ओळखण्याची खूण हीच: उजवीकडे निव्वळ आकडा उरला तरच गणित सुटलं.

म्हणून जोडी बदलायची. पहिली संख्या दोनदा रुंदी, दुसरी लांबी. यांची बेरीज ५२८, मध्य २६४. त्यांचा गुणाकार २६४ च्या वर्गापेक्षा, म्हणजे ६९६९६ पेक्षा जास्त होऊ शकत नाही. हा गुणाकार क्षेत्रफळाच्या दुप्पट आहे, कारण रुंदी आपण दोनदा घेतली. तेव्हा क्षेत्रफळ जास्तीत जास्त ३४८४८ चौरस फूट, म्हणजे ३२ गुंठे. आणि ते मिळतं दोन्ही संख्या सारख्या असताना: दोनदा रुंदी २६४, लांबीही २६४. रुंदी १३२ फूट, लांबी तिच्या दुप्पट. चौरसाच्या मोहात साडेतीन गुंठे जात होते.

ज्यांना हे आकडेमोडीशिवाय पाहायचं आहे त्यांनी पाण्यातल्या प्रतिबिंबाचा विचार करावा. काठाच्या रेषेपलीकडे आपल्याच तुकड्याचं उलटं चित्र काढा. खरा तुकडा आणि चित्रातला तुकडा मिळून एक पूर्ण आयत होतो, आणि त्याच्या चारही बाजूंना १०५६ फूट जाळी. चारही बाजूंच्या कुंपणात सर्वांत मोठा कोण, तर चौरस, २६४ बाय २६४. त्याचा अलीकडचा अर्धा भाग आपला: २६४ बाय १३२. म्हणजे चौरसाचा नियम मोडलेला नाही, त्याचा निम्मा चौरस पाण्यात आहे.

या दोन्ही उत्तरांमागे एकच गोष्ट आहे, आणि मला वाटतं ‘चौरस मोठा’ यापेक्षा तीच लक्षात ठेवावी. निम्मी जाळी एका दिशेला जाते, निम्मी दुसऱ्या दिशेला. चारही बाजूंच्या चौरसात आडव्या दोन बाजू मिळून २६४, उभ्या दोन मिळून २६४. पाण्याकाठच्या आयतात पाण्याकडे जाणाऱ्या दोन मिळून २६४, समांतर एकटी २६४. चारही बाजूंना जाळी मारून मधोमध आणखी एक आडवी जाळी टाकून दोन कप्पे केले, तरी हेच: एका दिशेच्या तीन जाळ्यांना मिळून २६४, म्हणजे प्रत्येकी ८८ फूट, आणि दुसऱ्या दिशेच्या दोघींना प्रत्येकी १३२. आकार चौरस असो वा नसो, जाळीची वाटणी समसमान असते.

आता जाळी प्रत्यक्ष मारायची वेळ आली की दुसरी अडचण येते. समजा खांब आठ-आठ फुटांवर रोवायचे आहेत. १३२ ला आठने भाग जात नाही, साडेसोळा गाळे येतात. मग काय, सर्वांत मोठं क्षेत्र सोडायचं? सोडावं लागतं, पण किती ते पाहा. रुंदीत सतरा गाळे घेऊ, म्हणजे १३६ फूट. लांबीत बत्तीस, म्हणजे २५६. सतरा, सतरा आणि बत्तीस मिळून ६६ गाळे, बरोबर ५२८ फूट. क्षेत्रफळ ३४८१६. तोटा अवघा ३२ चौरस फुटांचा.

चार फूट चुकूनही इतकं थोडं का गेलं, याचं उत्तर जुन्या एका सूत्रात आहे. दोन संख्यांच्या बेरजेच्या वर्गातून त्यांच्या गुणाकाराची चौपट वजा केली की त्यांच्या फरकाचा वर्ग उरतो. भास्कराचार्यांच्या बीजगणितात हा नियम आहे. पैठणहून ते फार लांबचे नव्हेत: कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटण लागतं. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे.

हे सूत्र जमिनीवर आखून पाहू. पुन्हा चारही बाजूंच्या जाळीकडे येऊ आणि चौरसाऐवजी १६५ बाय ९९ फुटांचा तुकडा घेऊ. जाळी तितकीच, ५२८ फूट. असे चार तुकडे एकामागोमाग एक फिरवत मांडा, एकाची लांबी संपते तिथे दुसऱ्याची रुंदी लागते अशा बेताने. बाहेरून २६४ फुटांचा मोठा चौरस तयार होतो आणि मधोमध रिकामी जागा राहते. तिची बाजू १६५ आणि ९९ यांतला फरक, म्हणजे ६६ फूट. मोठा चौरस ६४ गुंठ्यांचा, मधली रिकामी जागा ४ गुंठ्यांची. चार तुकड्यांच्या वाट्याला ६० गुंठे, एकाच्या वाट्याला १५. आधीच्या चौरसाला १६ होते. गेलेला एक गुंठा म्हणजे मधल्या रिकाम्या जागेचा चौथा हिस्सा.

अंकगणिती मध्य आणि भूमिती मध्य यांच्यात जे अंतर पडतं ते या रिकाम्या जागेमुळे. ती जागा नाहीशी व्हायची तर फरक शून्य हवा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या हव्यात. आणि फरक लहान असला तर त्याचा वर्ग नगण्य असतो. चौरसाची एक बाजू ३३ फुटांनी वाढवून दुसरी तितकीच घटवली की १ गुंठा जातो. ६६ फुटांनी केलं की ४, ९९ फुटांनी केलं की ९. सुरुवातीला चूक फुकटात पचते, पुढे अंगावर येते. त्यामुळे बांधावरचं झाड वाचवायला जाळी चार-पाच फूट इकडेतिकडे झाली तर मनाला लावून घेऊ नये, पण लांबट पट्टी आखताना हिशेब जरूर करावा: २३१ बाय ३३ च्या पट्टीला तेवढीच जाळी लागते आणि हाती सातच गुंठे येतात.

इथवर गणित झालं, आता पाण्याकडे येऊ. पत्र लिहिणाऱ्यांनी चौथी बाजू नाथसागराच्या भरवशावर सोडली आहे. तो भरवसा दोन कारणांनी कच्चा आहे. एक तर रानडुक्कर चांगलं पोहतं. दुसरं म्हणजे काठ एका जागी राहत नाही. धरण पूर्ण भरतं तेव्हा पातळी १५२२ फुटांवर असते आणि उन्हाळ्यापर्यंत पाणी उतरत जातं. नाथसागर पसरट आणि उथळ असल्याने काठ झपाट्याने मागे सरकतो. जमिनीचा उतार शंभराला एक असेल तर पातळी एक फूट उतरली की काठ शंभर फूट लांब गेला. या उघड्या पडलेल्या जमिनीवरच तर गाळपेर होते. म्हणजे जाळी मारताना पाण्याला टेकलेली दोन टोकं काही आठवड्यांत कोरड्यात उभी असतात आणि त्यांच्यामध्ये २६४ फुटांचं दार सताड उघडं.

ते दार नंतर बंद करायचं तर आणखी २६४ फूट जाळी आणावी लागेल. एकूण ७९२ फूट, आणि आत ३२ गुंठे. पण ७९२ फूट लागणारच हे आधी माहीत असेल तर सरळ चारही बाजूंचा चौरस आखावा: प्रत्येक बाजू १९८ फूट, क्षेत्र ३६ गुंठे. तेवढ्याच जाळीत चार गुंठे जास्त. तीन बाजूंचं उत्तम उत्तर चौथी बाजू जोडल्यावर उत्तम राहत नाही, कारण ठरलेली बेरीजच बदलते. तेव्हा या वाचकांना माझं सांगणं एवढंच, की आधी वर्षभराचा काठ पाहा, मग बेरीज ठरवा. जाळी ५२८ फुटांच्या वर आणता येणार नसेल तर १६ गुंठ्यांचा बंद चौरस बरा. ३२ गुंठ्यांची उघडी जागा डुकरांना मोकळीच.

पाण्याऐवजी जुनी दगडी भिंत असेल तर मात्र तीन बाजूंचं गणित जसंच्या तसं चालतं, भिंत २६४ फूट पुरली तर. ती १६५ फुटांचीच असेल तर? जाळी तीच ५२८ फूट. भिंतीएवढी लांबी घेऊन उरलेली जाळी दोन्ही रुंदींना वाटली की साडेसत्तावीस गुंठे येतात, पण ते सर्वांत जास्त नव्हेत. भिंत संपल्यावर तिच्याच रेषेत थोडी जाळी पुढे नेली तर काय होतं ते करून पाहा. उत्तर साठ-सत्तर चौरस फुटांनी वर जातं, आणि आकार कोणता येतो ते पाहून गंमत वाटेल. इशारा एवढाच, की भिंतीचे १६५ फूट फुकट मिळालेली जाळी समजा आणि बेरीज नव्याने मांडा.

पुढच्या वेळी टाकी. तिथे तीन संख्या आहेत आणि त्यांतली एक पुन्हा दुप्पट करावी लागणार आहे, तेव्हा आजची जोडी बदलण्याची युक्ती हाताशी ठेवा.